दहा गुंठ्यांवर सोळा फ्लॅट : विसारापासून ताब्यापर्यंत पैशांची आखणी

कोणत्याही तालुक्याच्या गावात चक्कर मारली की एखादा सांगाडा दिसतोच. स्लॅब सगळे पडलेले, विटांचं काम दुसऱ्या मजल्यावर थांबलेलं, हिरवी जाळी फाटलेली. लोक म्हणतात, बिल्डरला गिऱ्हाईक मिळालं नसेल. चौकशी केली तर निम्म्याहून जास्त फ्लॅट विकलेले निघतात. खर्चाच्या तारखा आणि ग्राहकांकडून पैसे येण्याच्या तारखा जुळल्या नाहीत, म्हणून काम अडलेलं असतं. काम नेमकं विटा आणि गिलाव्यापाशीच का अडतं, यालाही कारण आहे. तिथे आपण येऊच.

हा लेख पहिलीच इमारत करायला निघालेल्यांसाठी आहे : स्वतःची थोडी रक्कम असलेले कंत्राटदार, जमीन घेऊन भागीदारीत उतरणारे दोन-तीन मित्र. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. गाव संगमनेर, कराड किंवा बारामतीसारखं, नगर परिषदेच्या हद्दीतलं. जमीन १० गुंठे. इमारत खाली पार्किंग आणि वर चार मजले, मजल्यावर चार असे १६ फ्लॅट. दर मी नमुन्यादाखल धरले आहेत. तुमच्या गावचे दर घालून हीच मांडणी पुन्हा करायची आहे. एक रुपयाही देण्याआधी.

जमिनीचा भाव विक्रीकडून मागे मोजत यायचा

जमीनमालक गुंठ्याचा भाव सांगतो, आपण घासाघीस करतो आणि मग त्या भावात काय बसतं ते बघतो. ही उलटी रीत आहे. आधी विक्री मोजायची, तिच्यातून बांधकाम आणि बाकी सगळा खर्च वजा करायचा, आपला नफा वजा करायचा. उरेल तेवढीच जमिनीची किंमत.

पहिला प्रश्न, किती बांधता येईल? मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात नगर परिषद क्षेत्रात निवासी इमारतीला मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या तुलनेत बांधकामाचं प्रमाण, १.१ मिळतो आणि त्यावर अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय घेता येतो. रस्ता रुंद असेल तर आणखी काही विकत घेता येतो, पण पहिल्या प्रकल्पात त्याच्या भरवशावर जमीन घेऊ नये. आपल्या १० गुंठ्यांचे १०,८९० चौरस फूट. मूळ एफएसआयने साधारण १२,००० चौरस फूट बांधकाम होतं. त्यावर ४,००० चौरस फूट अनुषंगिक घेतलं की १६,००० झालं. कागदावर अजून तीन हजार निघतील, पण बाजूची अंतरं, पार्किंग आणि जिना बसवताना ते सहसा बसत नाहीत. या नियमावलीत भिंती, बाल्कनी, जिना, लिफ्ट सगळं मोजलं जातं, त्यामुळे १६,००० मधून विकण्याजोगं कार्पेट ११,२०० चौरस फुटांच्या आसपास निघतं. म्हणजे ७०० चौरस फूट कार्पेटचे १६ फ्लॅट.

आता खर्च. पार्किंगचा स्लॅब धरून एकूण २०,००० चौरस फुटांवर १,६५० रुपयांनी बांधकाम ३३० लाख. लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, बोअर, पाण्याच्या टाक्या, कुंपण यांचे २८. परवानग्या, विकास शुल्क, अधिमूल्य, कामगार उपकर असे ३२. आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, वकील, सीए यांचे १८. कार्यालय आणि साइटवरची देखरेख २०. जाहिरात आणि दलाली १४. व्याज २४. अनपेक्षित खर्चासाठी १८. जमीन सोडून बेरीज ४८४ लाख.

विक्री पुढे टप्प्यांनी दाखवतो, ती ७१३ लाख येते. म्हणजे जमीन आणि नफा मिळून २२९ लाख उरले. गुंठ्याला १५ लाख दिले तर जमीन १५० लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसह १६०. नफा ६९ लाख, विक्रीच्या जेमतेम १० टक्के, तोही आयकरापूर्वीचा. याच जमिनीला १८ लाखांचा भाव दिला तर नफा ३७ लाखांवर येतो. दोन-सव्वादोन वर्षं जीव टांगणीला लावून पाच टक्के मिळणार असतील तर माझ्या मते ती जमीन सोडून द्यावी. गुंठ्यामागे एक लाख वाढला की नफ्यातून साडेदहा लाख जातात, हा आकडा मालकासमोर बसताना डोक्यात पक्का हवा.

आणि ६९ लाख म्हणजे काय? दीड फ्लॅट. या प्रकल्पाचा सगळा नफा शेवटच्या दोन फ्लॅटमध्ये आहे. ते विकले जाईपर्यंत तुम्ही काही कमावलेलं नाही.

विसार देण्याआधीचे कागद

सातबारा सगळेच बघतात. बघायचा असतो तो त्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आणि मागचे फेरफार. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही आणि त्या परवानगीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. कूळकायद्याने मिळालेली जमीन, इनाम, वतन, बहिणींचे हक्कसोड न झालेले वारस : यातलं काही निघालं तर ते मालकाने आधी निस्तरावं, आपण नंतर. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. नोटिशीला हजार-दोन हजार लागतील म्हणून टाळणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे फ्लॅटच्या ग्राहकाची बँक तेच कागद मागते आणि तिथे गाडी अडते.

मोजणी मात्र विसाराआधीच व्हावी. उताऱ्यावर १० गुंठे असतात आणि भूमी अभिलेखच्या मोजणीत साडेनऊ भरतात. अर्धा गुंठा कमी झाला की मूळ एफएसआयचं ६०० चौरस फूट बांधकाम गेलं. त्याबरोबर नगर परिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. जमिनीतून आराखड्यातला रस्ता जात असेल तर तो तिथे दिसतो. समोरचा रस्ता कागदावर किती रुंद आहे हेही त्यावरूनच कळतं. जागेवर नऊ मीटर दिसणारा रस्ता नकाशात सहा मीटरचा निघाला तर वरचं सगळं गणित बदलतं.

व्यवहार साध्या विसार पावतीवर ठेवू नये. साठेखत नोंदणीकृत करावं, आणि त्यात पैशांचे टप्पे लिहावेत : मोजणी आणि शोध अहवाल स्वच्छ आल्यावर थोडी रक्कम साठेखताला, मोठी रक्कम नकाशा मंजूर झाल्यावर खरेदीखताला. नकाशा मंजूर व्हायला सहा महिने लागले तर तेवढे महिने ती मोठी रक्कम व्याजाविना तुमच्याकडे राहते. मालक तयार नसेल तर भावात दोन-चार टक्के वाढवून हे मागावं, तरी परवडतं. बँका खासगी बिल्डरला जमीन खरेदीसाठी सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे हा पैसा तुमचा स्वतःचा किंवा महाग व्याजाचाच असणार.

मालकाला पैशांऐवजी फ्लॅट देण्याचा विकसन करारही होतो. भांडवल कमी लागतं. पण विकायला फ्लॅट कमी उरतात, आणि महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदीत मालकही प्रवर्तक म्हणून येतो. त्याची मांडणी वेगळी करावी लागते, इथे ती घेत नाही.

परवानग्या कोणत्या क्रमाने

मोजणीचा नकाशा हातात आला की आर्किटेक्ट आराखडा करून ऑनलाइन दाखल करतो. छाननी होते, शुल्काची मागणी येते, पैसे भरले की बांधकाम परवानगी, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं. विकास आराखड्यातल्या निवासी पट्ट्यात जमीन असेल तर बिनशेतीची जुनी, वेगळी लांबलचक प्रक्रिया आता राहिलेली नाही, पण शासनाचा रूपांतर कर वगैरे भरणा असतो, तो परवानगीच्या ३२ लाखांत धरला आहे.

छोट्या गोष्टी दोन आहेत, पण त्या शेवटी रडवतात. पायाचं खोदकाम करताना निघालेला मुरूम बाहेर नेला तर त्यावर गौण खनिजाचं स्वामित्वधन भरावं लागतं. न भरता माती हलवली तर तहसीलची दंडाची नोटीस येते, आणि दंड मूळ रकमेच्या कितीतरी पट असतो. दुसरी गोष्ट महावितरण. १६ फ्लॅट, लिफ्ट, पंप यांच्या भारासाठी ट्रान्सफॉर्मर लागेल का, हे नकाशा काढतानाच विचारून जागा सोडावी. इमारत तयार, रंग झाला आणि मीटर नाहीत म्हणून ताबा अडला, असं होतं.

मग महारेरा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त, म्हणून आपल्याला नोंदणी लागणारच (१० गुंठे म्हणजे हजार चौरस मीटरच्या वर). नोंदणी होईपर्यंत जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही. ‘ओळखीतल्यांसाठी आधीच राखून ठेवतोय’ असा व्हॉट्सॲपवरचा फोटोसुद्धा जाहिरातच आहे. विनानोंदणी विक्रीचा दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जातो, आपल्या बाबतीत ६४ लाखांपर्यंत. म्हणजे जवळजवळ सगळा नफा.

नोंदणी करताना प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख तुम्हीच लिहिता. विक्री करणारा माणूस म्हणेल, दोन वर्षं लिहा, गिऱ्हाईक खूश होईल. मी तीन लिहितो. काम दोन वर्षांत संपवायचं, ताबा लवकर द्यायचा, पण तारीख तीनचीच. करारातली ताब्याची तारीख चुकली तर ग्राहक पैसे व्याजासकट परत मागू शकतो किंवा फ्लॅट ठेवून दर महिन्याचं व्याज मागू शकतो. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या मूळ दरावर, दोन टक्के.

तीन खाती

जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सांगितली आहेत. ग्राहकाचा प्रत्येक रुपया पहिल्या, संकलन खात्यात येतो. तिथून किमान ७० टक्के दुसऱ्या, स्वतंत्र खात्यात जातात आणि फक्त जमीन व बांधकामासाठीच वापरता येतात. उरलेले जास्तीत जास्त ३० टक्के तिसऱ्या, व्यवहार खात्यात. त्यातून दलाली, कार्यालय, व्याज, जाहिरात चालते. स्वतंत्र खात्यातून पैसे काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनियर आणि सीए या तिघांचे दाखले लागतात, आणि काम जेवढं पुढे सरकलं त्या प्रमाणातच काढता येतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जमिनीवर झालेला खर्च या हिशेबात धरला जातो. म्हणजे सुरुवातीला ग्राहकांकडून आलेली रक्कम, जमिनीपोटी आधीच खर्च झाला आहे म्हणून, नियमात राहूनच काढता येते. पैसे हातात येतात, पायाचं काम चाललेलं असतं, आणि नेमकं याच वेळी शेजारच्या गावातली चांगली जमीन कानावर येते. तिचा विसार या पैशांतून दिला की कायद्याच्या दृष्टीने कदाचित काही चुकलेलं नसेल, पण पहिल्या इमारतीच्या विटांचे पैसे गेलेले असतात. माझ्या पाहण्यातले बहुतेक सांगाडे असेच तयार झाले. काढलेला पैसा प्रकल्पाच्याच दुसऱ्या खात्यात मुदत ठेवीला टाकायचा, हा नियम भागीदारी करारातच लिहून घ्यावा.

पैसा कधी जातो, कधी येतो

महारेराच्या नमुना करारात ग्राहकाकडून घ्यायच्या रकमेच्या टप्प्यांची कमाल मर्यादा दिली आहे. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतला गिलावा-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, नळ-संडास फिटिंग, जिने, लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-वीज वगैरे झाल्यावर ९५, आणि ताब्याला शेवटचे ५.

आता स्लॅबनंतरचा टप्पा पुन्हा वाचा. भिंती, गिलावा, फरशी, दारं, खिडक्या एवढ्या सगळ्या कामाला ग्राहक फक्त ५ टक्के देतो. आपल्या बांधकामाचे टप्पे असे : जोत्यापर्यंत ५० लाख, स्लॅबना ११५, भिंती ते खिडक्या ९२, उरलेलं ७३. ९२ लाखांचं काम करायचं आणि स्लॅबपर्यंत फ्लॅट घेतलेल्या नऊ ग्राहकांकडून मिळणार साडेएकोणीस लाख. काम विटांपाशी अडतं ते यामुळे.

संपूर्ण चित्र असं दिसतं. विक्री धरली आहे ती जोत्यापर्यंत ५ फ्लॅट ४२ लाखांना, स्लॅब होईपर्यंत आणखी ४ फ्लॅट ४५ लाखांना, भिंतींच्या काळात ३ फ्लॅट ४५ लाखांना, आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर ४ फ्लॅट ४७ लाखांना. आकडे लाखांत, सुरुवातीपासूनची बेरीज.

| टप्पा | एकूण गेले | एकूण आले | स्वतःचे व कर्जाचे लागले |
|---|---|---|---|
| विक्री सुरू होण्याआधी | २०३ | ० | २०३ |
| जोतं पूर्ण | २६५ | ९४.५ | १७०.५ |
| स्लॅब पूर्ण | ४०३ | २७३ | १३० |
| भिंती, गिलावा, फरशी पूर्ण | ५१७ | ३९४ | १२३ |
| भोगवटा प्रमाणपत्र | ६४४ | ४९९ | १४५ |
| सगळे ताबे आणि विक्री | ६४४ | ७१३ | ६९ शिल्लक |

पहिली ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ग्राहकाचा पहिला रुपया कायदेशीरपणे घेता येण्याआधी दोन कोटी गेलेले असतात. ‘बुकिंगच्या पैशांवर जमीन घेऊ’ ही जुनी पद्धत आता बसत नाही. या प्रकल्पात मी स्वतःचे १२५ लाख आणि ८० लाखांचं कर्ज धरलं आहे. २४ लाख व्याज त्याचंच.

दुसरी ओळ वाचताना सावध राहावं. ९४.५ लाख आले ते जोतं पूर्ण झाल्यावर, मागणीपत्र गेल्यावर. जोतं बांधत असताना हातात होते फक्त ३० टक्क्यांचे ६३ लाख. त्यामुळे जोत्याच्या शेवटच्या आठवड्यातही दोन कोटी अडकलेलेच असतात.

आता वाईट बाजू. भिंतींच्या काळात विकायचे तीन फ्लॅट विकलेच गेले नाहीत, एवढाच बदल करू. फरशी होईपर्यंत आले २९२ लाख, म्हणजे स्वतःचे व कर्जाचे मिळून २२५ लागले. भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत हा आकडा २७४ वर जातो. आपल्याकडे होते २०५. सत्तर लाख कमी. तीन फ्लॅट उशिरा विकले गेल्याने इमारत थांबते, ती अशी. म्हणून कर्ज मंजूर करून घेताना ८० ऐवजी दीड कोटींची मर्यादा मंजूर करून घ्यावी आणि ८०च वापरावेत. न वापरलेल्या मर्यादेचं प्रक्रिया शुल्क लागेल, ते लागू द्या.

किती फ्लॅट आधी विकायचे

वरचं कोष्टक पाहून मोह होतो की मग सगळे सोळा सुरुवातीलाच ४२ लाखांनी विकून टाकू, पैशांची चिंताच नको. विक्री ६७२ लाख, खर्च ६४४. उरले २८. आणि सिमेंट-सळई-मजुरी मिळून बांधकाम आठ टक्क्यांनी महागलं तर २६ लाख गेले. करार एकदा नोंदवला की सामान महागलं म्हणून ग्राहकाकडे वाढीव मागता येत नाही. विकायला फ्लॅट शिल्लक असणं हाच भाववाढीवरचा विमा आहे.

सुरुवातीला फार कमी विकणंही धोक्याचं. माझा ठोकताळा असा की पहिल्या टप्प्यात तेवढेच विकावेत ज्यांच्या हप्त्यांतून जोतं आणि स्लॅब या दोन कामांचा खर्च निघेल. आपल्याकडे तो १६५ लाख आहे. स्लॅबपर्यंत ग्राहक ७० टक्के देतो, म्हणजे ४२ लाखांच्या फ्लॅटमागे २९ लाख. १६५ भागिले २९, पाच-सहा फ्लॅट. यात चांगल्या दिशेचे सगळे देऊन टाकू नयेत. रस्त्याकडचे दोन आणि मागचे तीन अशी सरमिसळ ठेवावी, नाहीतर शेवटी उरलेले चार फ्लॅट तेच असतात जे कोणालाच नको असतात, आणि आपण त्यांनाच सर्वांत जास्त भाव लावलेला असतो.

भाव ४५ वर का थांबवला, तर जीएसटीमुळे. महानगरांच्या बाहेर ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेला फ्लॅट परवडणाऱ्या घरात मोडतो, त्यावर १ टक्का जीएसटी. ४५ ओलांडले की ५ टक्के. आपला फ्लॅट ६५ चौरस मीटरचा, क्षेत्रफळाची अडचण नाही. ४५ ला विकला तर ग्राहकाला पडतो ४५.४५ लाखांना. ४८ ला विकला तर ५०.४० ला. तुम्ही तीन लाख जास्त मागितले आणि त्याला पाच लाख जास्त पडले. ही मर्यादा मोजताना पार्किंग, ट्रान्सफॉर्मर, विकास शुल्क असं वेगवेगळ्या नावाने घेतलेलं सगळं धरलं जातं, त्यामुळे ४४ अधिक पार्किंगचे दोन अशी युक्ती चालत नाही. भोगवटा प्रमाणपत्रानंतरच्या विक्रीवर जीएसटीच नाही, म्हणून शेवटच्या चार फ्लॅटना ४७ मागता येतात. ग्राहकाला घर डोळ्यासमोर तयार दिसतं, भाडं वाचतं, दीड लाख जास्त द्यायला तो तयार होतो.

जमीन २० गुंठे असती आणि इमारती दोन, तर रेरामध्ये प्रत्येक इमारत स्वतंत्र टप्पा म्हणून नोंदवावी. टप्प्याची तारीख, खाती, हिशेब सगळं वेगळं राहतं. दोन्ही एकत्र नोंदवल्या की दुसरी रखडली म्हणून पहिलीच्या ग्राहकांनाही तुम्ही उत्तरदायी होता.

ग्राहकाची आगाऊ रक्कम

नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ४२ लाखांच्या फ्लॅटला ४.२० लाख, त्यापुढे एक रुपयाही नाही. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि रोख रक्कम संकलन खात्यात दिसत नाही, त्यामुळे ग्राहकाने उद्या तक्रार केली तर तुमच्या हिशेबात भोक पडलेलं असतं. ‘थोडी वरची द्या’ ही सवय जुन्या लोकांची. तिच्या भरवशावर नवीन माणसाने प्रकल्प आखू नये.

बुकिंग आणि करार यांत महिन्यापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. करार होईपर्यंत ते बुकिंग पक्कं नसतं. ग्राहकाने लवकर रद्द केलं तर फारसं काही कापून घेता येत नाही, आणि मधल्या काळात तुम्ही तो फ्लॅट दुसऱ्याला नाकारलेला असतो.

करारावेळी ३० टक्के लिहिलेले असले तरी ते एकदम येत नाहीत. ३० ते ७५ लाखांच्या घराला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. ४२ लाखांत ग्राहकाने स्वतःचे ८.४० लाख आणायचे, वर मुद्रांक शुल्काचे अडीच लाख, नोंदणी आणि जीएसटी. साडेअकरा लाखांच्या वर त्याच्या खिशातून गेल्याशिवाय बँक पहिला हप्ता सोडत नाही. म्हणून बुकिंगला आलेल्या माणसाला पहिलं विचारायचं ते पगाराचं नव्हे, हातात किती आहेत ते. गावाकडची जमीन विकून देतो, सोनं मोडतो, भावाकडून घेतो असं म्हणाला तर त्याच्या तारखा लिहून घ्या. आणि महारेरा नोंदणी झाल्या झाल्या दोन-तीन बँकांकडे प्रकल्पाचे कागद देऊन ठेवा. प्रकल्प बँकेच्या यादीत असेल तर प्रत्येक ग्राहकाची फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासली जात नाही.

मागणीपत्र पाठवताना आर्किटेक्टचा टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला जोडा. बँक तोच मागते. जोतं झाल्यावर नगर परिषदेची जोते तपासणी करून घ्यायची असते. ती न करता वर चढलात तर पुढे भोगवट्याला अडचण. बँकेचे पैसे यायला दोन ते चार आठवडे धरा. आदल्या दिवशी मागणीपत्र देऊन शनिवारी मजुरांचा पगार करायचा बेत आखू नका.

ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी आणि मुद्रांकाचे पैसे तुमचे नाहीत. ते पहिल्या दिवसापासून वेगळे काढा, नाहीतर महिनाअखेरीला खात्यातली शिल्लक फसवी दिसते.

दर महिन्याचा एक कागद

सीए तिमाहीला दाखले देईलच. पण स्वतः महिन्याला तीनच आकडे लिहावेत : काम पूर्ण करायला अजून किती लागणार, विकलेल्या फ्लॅटचे अजून किती यायचे, आणि दोन्हींतला फरक. आपल्या उदाहरणात स्लॅब पूर्ण झाल्यावर ६४४ मधले २४१ लाख खर्च व्हायचे बाकी आहेत. विकलेल्या नऊ फ्लॅटचे ३९० पैकी ११७ यायचे आहेत. फरक १२४. हा फरक न विकलेल्या सात फ्लॅटमधून किंवा स्वतःच्या मर्यादेतून भरायचा आहे. खात्यात चाळीस लाख दिसत असतील त्या दिवशीसुद्धा खरा आकडा हा आहे.

फरक महिन्यागणिक कमी होत असेल तर ठीक. दोन महिने तो तसाच राहिला, म्हणजे काम सरकतंय पण विक्री थांबलीय, तर तेव्हाच हालचाल करावी. विटांच्या निम्म्यावर आल्यावर नाही. माझा क्रम असा असतो : आधी एका मजल्याचं काम पूर्ण संपवून एक नमुना फ्लॅट फरशी-दारांसकट तयार करायचा, कारण सांगाडा बघून घर घेणारे थोडे आणि तयार खोलीत उभं राहून घेणारे जास्त. त्याने हललं नाही तर एखादा फ्लॅट ४३ ला सोडायचा. तेही नाही तर मंजूर कर्जाची उरलेली मर्यादा उघडायची. भाव न सोडता बसून राहणं सर्वांत महाग पडतं. ८० लाखांवर १४ टक्क्यांनी महिन्याला त्र्याण्णव हजार व्याज जातं. वर देखरेखीचा पगार. एका फ्लॅटवर दोन लाख सोडायला नको म्हणून तीन महिने थांबलात तर त्याहून जास्त गेले, आणि फ्लॅट अजून तिथेच.

भोगवटा प्रमाणपत्राची तयारी शेवटचा हप्ता संपायची वाट न बघता सुरू करावी. लिफ्टचा परवाना विद्युत निरीक्षकांकडून, ड्रेनेजची जोडणी, पावसाच्या पाण्याची सोय, मंजूर नकाशाप्रमाणेच झालेलं बांधकाम. नकाशात नसलेली एक खोली गच्चीवर काढली म्हणून पूर्ण इमारतीचं प्रमाणपत्र अडतं. नकाशा बदलायचाच असेल तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. बारा ग्राहकांत आठ सह्या.

प्रमाणपत्र हातात आल्यावर विकलेल्या बारा फ्लॅटचे शेवटचे पाच टक्के, म्हणजे २६ लाख येतात, आणि त्यातून आधी कर्जाचा हप्ता जावा. उरलेल्या चार फ्लॅटची देखभाल, वीज आणि मालमत्ता कर तुमच्याच नावावर चालू होतो. जमिनीच्या हस्तांतरणाचं काम त्याच महिन्यात वकिलाकडे द्यावं. रचनेतल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं तुमच्याकडे असते, आणि गळतीचा पहिला फोन पहिल्याच पावसात येतो. त्यासाठी वॉटरप्रूफिंगवाल्याच्या बिलातले दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवलेले असावेत.